गोट्या खेळाव्यात, पण…

जॉर्ज कार्लिन हा अमेरिकेतला विनोदवीर. १९७२ साली त्याची ‘क्लास क्लाउन’ नावाची ध्वनिमुद्रिका निघाली. टीव्हीवर कधीच उच्चारता येणार नाहीत असे सात इंग्रजी शब्द त्यानं तिच्यात धडाधड म्हणून दाखवले, आणि त्या सातांवरून अमेरिकेत पुढे बराच धुरळा उडाला. पण अनुवादकाची झोप उडवणारे शब्द त्या सातांत नाहीत. शिवीची सोय प्रत्येक भाषेत असते. डोकेदुखी आहे ती त्याच भागात जाता जाता येणाऱ्या, कार्लिन ज्यांना ‘टू-वे’ म्हणतो त्या शब्दांची. एका अर्थानं सोवळे, दुसऱ्या अर्थानं ओवळे. सहावीच्या वर्गात जे ऐकून पोरं खुदुखुदु हसायची ते शब्द, अशी त्यानंच त्यांची ओळख करून दिली आहे.

त्यातला एक शब्द आहे ‘प्रिक’. त्याचा साधा अर्थ टोचणं. बोटाला सुई टोचली की इंग्रजीत ‘प्रिक युअर फिंगर’ म्हणतात, आणि ते टीव्हीवर खुशाल म्हणता येतं. पण बोलीत ‘प्रिक’ म्हणजे पुरुषाचं लिंग. आणि ‘फिंगर’ म्हणजे बोट असलं तरी तेच क्रियापद म्हणून वापरलं की बोटांनी चाळवणं, असा त्याचा अर्थ होतो. कार्लिन एवढंच करतो की दोन शब्दांची जागा बदलतो. ‘प्रिक युअर फिंगर’ चालेल, ‘फिंगर युअर प्रिक’ चालणार नाही. क्रियापदाचं नाम झालं, नामाचं क्रियापद झालं, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतलं वाक्य भलतीकडेच गेलं. सगळं मिळून तीन-चार सेकंदांचा मामला.

आता हे मराठीत आणा. शब्दशः केलं तर ‘बोटाला टोचलं तर चालतं, पण टोचणीला बोट लावायचं नाही’ असं काहीतरी होतं. व्याकरण शुद्ध, अर्थ शून्य. लिंगासाठीचा मराठी शब्द सरळ घातला तर वाक्य घाण होतं, विनोद होत नाही, कारण त्या शब्दाला टोचण्याशी काही देणंघेणं नाही. आणि पडद्यावर तर मागे पाचशे माणसं हसत असतात. अनुवाद फसला हे ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण. प्रेक्षक हसतायत आणि वाचणाऱ्याला ते का हसतायत ते कळत नाही. वाचणारा मग मागे जाऊन पुन्हा वाचतो, तेवढ्यात पुढचे दोन विनोद निघून गेलेले असतात.

जिमी कार्टर यांनी एक किस्सा अनेकदा सांगितला आहे. राष्ट्राध्यक्षपद सुटल्यावर १९८१ साली ते जपानमध्ये ओसाकाजवळ भाषणाला गेले होते. सुरुवातीला एक छोटा विनोद सांगितला. दुभाष्यानं त्याहूनही थोडक्यात काहीतरी म्हटलं आणि सभागृह हास्यात बुडालं. इतका हशा कार्टरना त्या विनोदाला कधी मिळाला नव्हता. भाषांतर कसं केलंत, असं नंतर खोदून विचारल्यावर दुभाष्यानं कबूल केलं की, ‘कार्टरसाहेबांनी एक मजेदार गोष्ट सांगितली आहे, सगळ्यांनी हसावं’ एवढंच आपण म्हटलं. जिवंत सभेत ही युक्ती खपते, कारण हशा अजून पिकायचा असतो. सबटायटल लिहिणाऱ्याकडे तो मार्ग नाही. त्याच्या हातात चित्रफीत येते तेव्हा हशा आधीच ठोकलेला असतो, कुठे सुरू होतो आणि कुठे ओसरतो ते सेकंदाच्या अंशापर्यंत ठरलेलं असतं. त्याला त्या हशाला शोभेल असं कारण शोधून द्यायचं असतं.

मग सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण शब्दकोशापासून करतात आणि तिथेच अडकतात. ‘प्रिक’ला प्रतिशब्द शोधत बसलं तर रात्र सरेल. सुरुवात या प्रश्नापासून करावी, की हा विनोद नेमकं काय करतो आहे? व्हिक्टर रास्किन आणि साल्व्हातोरे अत्तार्दो या दोन अभ्यासकांनी १९९१ साली विनोदाचे सहा घटक मांडले. तो सिद्धांत इथे सगळा उलगडायची गरज नाही. त्यातली कामाची गोष्ट अशी की या घटकांची उतरंड लागते. सगळ्यात वर असतो दोन जगांचा विरोध, ज्यांची टक्कर झाल्यामुळे हसू येतं. सगळ्यात खाली असतात प्रत्यक्ष शब्द. अनुवादात अत्तार्दोंचा सल्ला असा, की काही सोडावंच लागलं तर खालून सोडायला लागा, वरचं शक्यतो हलवू नका. श्लेषाची पंचाईत ही, की तिथे खालची पायरी काढली तर वरचा सगळा डोलाराच कोसळतो, कारण तो उभाच शब्दावर असतो. म्हणून शब्द जसाच्या तसा ठेवता येत नाही आणि नुसता टाकूनही देता येत नाही. त्या जागी दुसरा, तेवढाच भार पेलणारा शब्द आणावा लागतो.

कार्लिनच्या वाक्यात टक्कर आहे ती पोराटोरांचं निरागस जग आणि लैंगिक जग यांची. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे टोमणा कुणाला आहे ते. टोमणा लिंगाला नाही, बोटालाही नाही. तो आहे टीव्हीच्या नियमाला. तोच शब्द, तेच चार-पाच ध्वनी. इथे चालतात, तिथे चालत नाहीत. मग घाण नेमकी कशात आहे, शब्दात की तुमच्या डोक्यात? हे सगळं त्या उलटापालटीत दडलेलं आहे. म्हणजे मराठी वाक्यात तीन गोष्टी आल्याच पाहिजेत. एक शब्द, जो दोनदा येईल. पहिल्यांदा सोवळा, दुसऱ्यांदा ओवळा. आणि दोन्हींच्या मध्ये परवानगी आणि बंदी, ‘चालतं’ आणि ‘चालत नाही’. बोट आणि सुई यांना या यादीत जागा नाही. ती दोघं केवळ इंग्रजीच्या कृपेनं तिथे आली आहेत.

यानंतर ठरवायची ती पातळी, आणि इथे भले भले घसरतात. चावट, पाचकळ, अश्लील, ओंगळ ही मराठीत चार वेगळी घरं आहेत. चावटपणाला आजीसुद्धा पदराआड हसते. ओंगळपणाला कट्ट्यावरची पोरंही तोंड फिरवतात. ‘प्रिक’ त्या सात शब्दांच्या यादीत नव्हता हे लक्षात ठेवायला हवं. कार्लिन स्वतः त्याला सहावीतल्या हसण्याचा शब्द म्हणतो. म्हणजे घर चावटपणाचं आहे, फार तर पाचकळपणाच्या उंबरठ्यावरचं. त्या जागी मराठीतली ती ठसठशीत शिवी आणली, जी भांडणात आईबहिणीच्या बरोबरीनं येते, तर विनोद चार पायऱ्या घसरून खाली जातो. असभ्य भाषेचा अनुवाद करताना एक चूक सगळे सांगतात, की अनुवादक लाजतो आणि शब्द सौम्य करतो. उलटी चूकही तेवढीच होते. लाजरा ठरू नये म्हणून अनुवादक गरजेपेक्षा जास्त घाण करतो, आणि ज्याला खट्याळ वाटायला हवं होतं तो विनोदवीर नुसता शिवराळ वाटायला लागतो.

तर शोध कशाचा? मराठी शाळेत सहावीच्या वर्गात ज्यावर पोरं हसतात अशा शब्दाचा. एकदा प्रश्न असा लावला की उत्तरं पटापट सुचायला लागतात. शास्त्राच्या पुस्तकातलं गांडूळ आठवा. बाई फळ्यावर लिहीत असतात आणि मागच्या बाकावर कुणीतरी शेवटचं अक्षर गिळून तो शब्द शेजाऱ्याच्या कानात म्हणतो. बाईंनी वळून विचारलं तर तो शेतकऱ्याच्या मित्राबद्दलच बोलत असतो. मी तो शब्द शेवटचं अक्षर काढून इथे लिहिलेला नाही, तरी वाचकांनी तो मनात म्हटलाच असेल. चावट श्लेषाचं सगळं तंत्र यात आलं. बोलणारा अर्ध्यावर थांबतो, पुढचं पाप ऐकणाऱ्याच्या माथी. आपल्याकडची खेड्यातली चावट कोडी अशीच चालतात. वर्णन ऐकून बायका लाजतात, आणि उत्तर निघतं पाटा-वरवंटा. ‘तुमच्याच मनात घाण,’ असं म्हणून घालणारी मोकळी.

गांडूळ चांगला आहे, पण कार्लिनच्या वाक्याला नेमका बसत नाही, कारण त्यात शब्द तोडावा लागतो. कार्लिनचा शब्द अख्खा राहतो, फक्त त्याची वाक्यातली भूमिका बदलते. त्याला जवळचा शब्द दुसरा आहे. गोट्या. काचेच्या, पोरांच्या खिशातल्या. आणि त्याच नावानं कट्ट्यावर ओळखल्या जाणाऱ्या दुसऱ्या. माणूस घाबरला की कपाळात जातात त्या. आता वाक्य बघा. ‘गोट्या खेळल्या तर चालतं. गोट्यांशी खेळलेलं चालत नाही.’ शब्द तोच, क्रियापद तेच. मध्ये फक्त एक ‘शी’ आला आणि काचेच्या गोट्यांच्या त्या झाल्या. इंग्रजीत जे काम जागांची अदलाबदल करते ते मराठीत एका प्रत्ययानं केलं. मराठीचा संसार प्रत्ययांवर चालतो, त्यामुळे तिचा श्लेषही प्रत्ययातून फुटावा हे तिच्या स्वभावाला धरूनच आहे. बालपण आलं, परवानगी आली, बंदी आली, पातळी चावटपणाचीच राहिली. लिंग गेलं आणि त्याच्या शेजारचा अवयव आला, पण त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.

शिवाय एक गंमत आयती हाती लागते. ना. धों. ताम्हनकरांच्या पुस्तकावरची ‘गोट्या’ नावाची मालिका दूरदर्शनवर घराघरांत बघितली जायची. म्हणजे टीव्हीवर गोट्या खरोखरच चालला! कार्लिनच्या तोंडी हे घालायचा मोह कुणालाही होईल. तो आवरायला हवा. पडद्यावर काळ्या कपड्यांतला, पोनीटेल बांधलेला अमेरिकन माणूस दिसतो आहे आणि खाली दूरदर्शनच्या मालिकेची आठवण, हे पाहिल्याबरोबर वाचणाऱ्याचा विश्वास उडतो. गोट्या हा खेळ जगभर आहे, तो कार्लिनच्याही लहानपणी असणार. म्हणून तो शब्द त्याच्या तोंडी खपतो. मालिका खपत नाही. असा आयता मिळालेला विनोद टाकून देणं जड जातं, पण हात आवरायचा तो इथेच.

वाक्य सापडलं म्हणजे काम झालं असं नाही. आता त्याचा क्रम. इंग्रजी वाक्याचा शेवटचा शब्द ‘प्रिक’ आहे. म्हणजे बार अगदी शेवटी उडतो आणि हशा लगेच सुरू होतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं. ‘गोट्यांशी खेळलेलं चालत नाही’ यात बार पहिल्याच शब्दाला उडाला, आणि त्यानंतर तीन शब्द रिकामे उरले. बोलून बघा, शेवटी आवाज आपोआप खाली येतो, जिथे तो वर जायला हवा. सुदैवानं मराठीत शब्द हलवायला मुभा आहे. ‘गोट्या खेळल्या तर चालतं. खेळायचं नाही ते गोट्यांशी.’ आता ‘गोट्यांशी’ शेवटी आला, आणि त्याच्या आधीच्या ‘ते’वर क्षणभर थांबताही येतं. विनोदाचं भाषांतर तोंडानं म्हणून बघितल्याशिवाय पुढे जाऊ नये, ते याच कारणासाठी. कागदावर दोन्ही वाक्यं सारखीच दिसतात.

सबटायटल असेल तर आणखी एक अडचण असते. डोळे कानापेक्षा वेगानं धावतात. दोन्ही वाक्यं एकदम पडद्यावर आली तर वाचणारा विनोदवीराच्या आधीच शेवटाला पोचतो आणि हशा सुरू होईपर्यंत त्याचं हसून झालेलं असतं. म्हणून सेटअप आणि पंच वेगळे ठेवायचे, पंचाची ओळ त्याच्या तोंडून ती निघेल तेव्हाच आणायची. जागा तशी बेताचीच असते. नेटफ्लिक्सच्या इंग्रजी सबटायटलांच्या नियमांत एका ओळीत ४२ खुणा, एका वेळी दोनच ओळी आणि एक सबटायटल जास्तीत जास्त ७ सेकंद, असा हिशोब आहे. आपली दोन वाक्यं त्यात सहज मावतात. मावलं नसतं तर? समजावून सांगणारा कंस वगैरे काही टाकायला जागाच नसते, आणि ते बरंच आहे. ‘येथे शब्दखेळ आहे’ अशी सूचना म्हणजे विनोदाची मयत झाल्याची वर्दी.

एवढ्यावर सुटका झाली असती, पण रंगमंचावर माणूस नुसता बोलत नाही, हातवारेही करतो. समजा, कुणी विनोदवीर हे वाक्य म्हणताना बोट वर करून दाखवतो आहे. पडद्यावर बोट आणि खाली गोट्या, हे जमणार नाही. आता बोट ठेवूनच मार्ग काढायचा. मराठीत बोटांचे वाक्प्रचार काही कमी नाहीत. लोक आश्चर्यानं तोंडात बोटं घालतात, बातम्यांतसुद्धा घालतात. मग, ‘बोटं तोंडात घातली तर चालतं. चालत नाही ती दुसरीकडे घातलेली.’ हे गोट्यांइतकं चपखल नाही. ‘दुसरीकडे’ हा शब्द थोडा भित्रा आहे, आणि दुहेरीपणा एका शब्दात राहिलेला नसून वाक्प्रचारात गेला आहे. पण बोट पडद्यावर आहे आणि वाक्यातही आहे, तेव्हा चित्र आणि शब्द यांचं भांडण मिटतं. दोन्हींपैकी काय निवडायचं ते चित्रफीत बघूनच ठरतं. नुसत्या छापील संहितेवरून स्टँड-अपचा अनुवाद मागणाऱ्या निर्मात्याला हे समजावणं फार अवघड.

आता त्या वाक्याच्या आधी काय आहे ते पाहू. श्लेष एकटा येत नाही, त्याची भावंडं शेजारी बसलेली असतात. कार्लिनच्या त्या भागात ‘प्रिक’च्या जरा आधी ‘बॉल्स’ येतो. कर्ट गाउडी हा तेव्हाचा बेसबॉलचा नामांकित समालोचक आणि रोबेर्तो क्लेमेंटे हा पिट्सबर्गचा मोठा खेळाडू. बेसबॉलमध्ये ठरलेल्या चौकटीबाहेर पडलेल्या चेंडूला ‘बॉल’ म्हणतात; असे चार झाले की फलंदाजाला पहिला तळ फुकट मिळतो. तेव्हा गाउडीनं क्लेमेंटेचे दोन ‘बॉल’ झालेत असं म्हटलं तर चालतं. त्याच्या ‘बॉल्स’ना लागलं असं म्हटलं तर चालत नाही. इथे अनुवादकाला लॉटरी लागते, कारण ‘बॉल’ मराठीत राजरोस आहे, क्रिकेटच्या कृपेनं. ‘क्लेमेंटेकडे अजून दोन बॉल आहेत’ हे गाउडी म्हणू शकतो. ‘चेंडू क्लेमेंटेच्या बॉलला लागला’ हे नाही. बेसबॉलच्या जाणकाराला पहिलं वाक्य खटकेल, कारण क्रिकेटमधले उरलेले बॉल आणि बेसबॉलमधले चुकलेले बॉल वेगळे. पण बेसबॉलचे जाणकार मराठीत मोजकेच, आणि ते इंग्रजीतच ऐकत असतील. ‘बॉल’चा दुसरा अर्थ मात्र शहरी आणि कॉलेजातला. आजोबा मंडळींपर्यंत तो पोचेलच असं नाही.

पण ‘बॉल’ ठेवला की लगेच पुढे ‘गोट्या’ आल्यावर एक पेच पडतो. कार्लिन ‘प्रिक’ आणताना म्हणतो की त्या आधीच्या शब्दाबरोबरच जाणारा हा दुसरा शब्द. त्याच्याकडे दोन वेगळे अवयव होते, शेजारी शेजारी. आपल्याकडे एकाच अवयवाची दोन नावं झाली, एक इंग्रजी आणि एक मराठी. जोडणारं वाक्य तसंच ठेवलं तर हसू येणार नाही, गोंधळ होईल. ते जरा वळवावं लागतं. ‘आणि ह्याचाच धाकटा भाऊ, गोट्या.’ एकदा मोठा भाऊ आणि धाकटा भाऊ म्हटलं की दोन्ही एकाच जागचे आहेत हीच गंमत होते. चूक होती तिला भूमिका मिळाली. पुढे अर्ध्या तासानं विनोदवीर याच शब्दाकडे परत वळणार असेल, ज्याला त्यांच्या धंद्यात कॉलबॅक म्हणतात, तर तिथेही ‘गोट्या’ बसतो का ते आधी तपासावं लागतं. नाही बसला, तर इतका चपखल शब्दसुद्धा सोडून द्यावा लागतो. म्हणून अख्खा प्रयोग ऐकल्याशिवाय पहिला श्लेष सोडवायला घेऊ नये.

हा सगळा खटाटोप हसवण्यासाठी आहे. काम वेगळं असेल तर नियम पार उलटतात. कार्लिननं हाच विषय १९७३च्या ‘ऑक्युपेशन: फूल’ या ध्वनिमुद्रिकेत पुन्हा घेतला. ३० ऑक्टोबर १९७३ला न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्रानं तो भाग दुपारी दोनच्या सुमाराला लावला. मुलाबरोबर गाडीतून जाताना तो ऐकलेल्या एका बापानं तक्रार केली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९७८ साली पाच विरुद्ध चार मतांनी केंद्राच्या विरोधात निकाल लागला. त्या निकालपत्राला कार्लिनचा तो अख्खा भाग शब्दशः उतरवून जोडला आहे, मध्ये मध्ये कंसात ‘हशा’ अशी नोंद करून. न्यायदेवतेच्या दप्तरातला हा बहुधा सगळ्यात गमतीशीर कागद. उद्या कायद्याच्या विद्यार्थ्यांसाठी तो मराठीत आणायचा झाला तर गोट्या तिथे बिलकुल चालणार नाहीत. तिथे प्रश्न कोणता शब्द उच्चारला गेला हाच आहे. तेव्हा मूळ शब्द देवनागरीत, शेजारी दोन्ही अर्थ आणि खाली टीप. विनोद मेला तरी चालेल, पुरावा शाबूत राहिला पाहिजे.

त्या जोडपत्राच्या शेवटाकडे ‘टू-वे’ शब्दांचे आणखी दोन मासले आहेत, आणि त्यांच्यापाशी मात्र माझी गाडी अडते. एक डिस्नेवरचा. मांजर पटकन उचलून खोक्यात घालायचं, एवढंच वाक्य. पण त्यातलं उचलणं, मांजर आणि खोकं हे तिन्ही इंग्रजी शब्द बोलीत स्त्रीच्या एकाच अवयवाची नावं आहेत. तीन शब्द एका निरागस वाक्यात ओवले आहेत, आणि वाक्य डिस्नेच्या सिनेमात शोभेल असं आहे. असं तिहेरी वाक्य मराठीत मला सापडलेलं नाही, आणि सापडेल असंही वाटत नाही. शेक्सपिअरच्या शब्दखेळांचा अभ्यास करणारे बेल्जियमचे डर्क डेलाबास्टिटा यांनी श्लेषाचं अनुवादात काय काय होऊ शकतं याची जी यादी केली आहे, तिच्यात एक मार्ग असाही आहे की इथला श्लेष सोडून द्यावा आणि मूळात नसलेला दुसरीकडे घालावा. हिशोब एका वाक्याचा न ठेवता अख्ख्या भागाचा ठेवायचा. मघाचं गांडूळ मी यासाठी बाजूला काढून ठेवलं होतं. मांजराच्या जागी ते पिशवीत भरून विमानात न्यायला हरकत नाही. तिहेरी बाराचा एकेरी होतो, पण डिस्नेची निरागसता आणि पोरकट हसू राहतं. शेवटचं अक्षर कुठे खायचं ते फक्त ठरवायचं.

हा प्रश्न केवळ इंग्रजीशी पडतो असंही नाही. दादा कोंडके यांनी हिंदीत ‘अंधेरी रात में दिया तेरे हाथ में’ काढला, त्या शीर्षकातला ‘दिया’ एकदा दिवा आहे आणि एकदा ‘दिला’. मराठीत या दोन शब्दांत एका अक्षराचा फरक आहे. तेवढा एक ‘व’ आणि ‘ल’ आडवा आला आणि मराठी माणसाच्या डोक्यातून निघालेला विनोद मराठीत येऊ शकत नाही! दादांनी मराठीसाठी मराठीतलेच वेगळे काढले, आणि सेन्सॉरशी त्यांची झटापट व्हायची तीही याच युक्तिवादानं, की शब्दांत काही नाही, तुमच्या कानात आहे. कार्लिन आणि दादा एकमेकांना कधी भेटले असते तर पहिल्या पाच मिनिटांत त्यांचं जमलं असतं.

दुसरा मासला गाढवाचा. इंग्रजीत ‘अ‍ॅस’ म्हणजे गाढव आणि ढुंगणही. कार्लिन म्हणतो, सणाच्या दिवशी त्यावर बसून गावात शिरत असाल तर हा शब्द चालतो. इशारा येशू गाढवावर बसून जेरुसलेममध्ये शिरला त्या प्रसंगाकडे आहे, वसई-गोव्याकडचे ख्रिस्ती लोक जो रविवार झावळ्या घेऊन साजरा करतात तो. मराठीत गाढव आणि ढुंगण यांचा काही संबंध नाही. इथे गांडूळ घालता येईल. ‘गांडूळ चालतो, शेवटचं अक्षर खाल्लं नाही तोवर.’ हसूही येईल. पण येशू गेला, देऊळ गेलं. कार्लिन कॅथलिक शाळेत शिकलेला, धर्माची टोपी उडवणं हा त्याच्या सबंध विनोदाचा कणा. त्याला चावटपणासाठी धर्म सोडायला लावणं हा मला अनुवादकाचा अगोचरपणा वाटतो. गाढवाबाबत आपल्याकडे थोडा आधार आहे. शिलाहार-यादवांच्या काळातल्या दानलेखांवर, दान मोडणाऱ्याच्या आईला गाढव लागो, असा शाप चित्रासकट कोरलेला असतो. गधेगाळ म्हणतात त्याला. म्हणजे गाढवाला मराठी शिवीत राजमान्यता आहे, धर्मकार्याच्या दगडावर. ‘गाढव चालतं, देव त्यावर बसून गावात येणार असेल तर. शिवी देताना आणलेलं चालत नाही.’ श्लेष यात नाहीच. ढुंगणही नाही. हशा मूळच्यापेक्षा निम्मा होईल, पण टोमणा ज्याला लागायचा त्याला लागतो. या एका ठिकाणी मी निम्मा हशा घेईन आणि गांडूळ पिशवीत, डिस्नेसाठी राखून ठेवीन.